प्रॉप पुढे वाकतात तेव्हा वजन कुणाच्या खांद्यावर असतं?

प्रश्न : आमच्या सड्यावर मोजणीवाले आले होते. त्यांचं ड्रोन सरळ वर गेलं, मग पुढचे दोन पंखे हळूहळू पुढे वाकले आणि ते विमानासारखं समुद्राकडे निघून गेलं. पंखे वाकतात तेव्हा त्याला वर कोण धरतं? मध्येच खाली का येत नाही? अमेरिकी सैन्यदलांचं ते ऑस्प्रे विमान आणि त्या एअर टॅक्सीचंही असंच असतं का?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. 'पंखे' आणि 'पंख' एकत्र आले की माझाच गोंधळ होतो. म्हणून फिरतो तो प्रॉप आणि स्थिर असतो तो पंख. आम्ही सड्यावरही असंच बोलतो.

प्रॉप वाकले म्हणजे त्यांनी वजन सोडलं, असं वाटणं साहजिक आहे, पण तसं होत नाही. शिडाच्या होडीत शिडात वारा भरेपर्यंत कुणी वल्हं आत घेत नाही, तसंच. पंख जेवढं वजन उचलायला लागतो तेवढंच प्रॉप सोडतात. अडचण एवढीच, की ही देवाणघेवाण दहा-बारा सेकंदांत उरकावी लागते आणि तिचा हिशोब दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. मी अशी यंत्रं जुळवतो आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर उडवतो, म्हणून आमच्याच एका यंत्राचे आकडे घेऊन सांगतो.

यंत्राचं वजन ८ किलो. चार मोटरी, त्यांतल्या पुढच्या दोन वाकतात. मागच्या दोन कायम वर तोंड करून असतात आणि उड्डाण पंखावर आलं की बंद पडतात. पंखाचं क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर. एका जागी उभं असताना चारही मोटरी मिळून ८ किलो उचलतात, म्हणजे पुढच्या जोडीवर ४ आणि मागच्या जोडीवर ४.

आता पंखाचं पाहू. पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते, आणि सगळी गंमत या वर्गात आहे. पंख वाऱ्याला बऱ्यापैकी कोनात धरला, तर आमच्या यंत्राला पूर्ण ८ किलो उचलायला सेकंदाला १५ मीटर वेग लागतो. मग निम्म्या वेगाला निम्मं वजन उचलेल? नाही, पाव उचलेल. सेकंदाला ५ मीटरला तर जेमतेम ९०० ग्रॅम. १० मीटरला साडेतीन किलो, १२ ला पाच किलोच्या थोडं वर. म्हणजे पहिले काही सेकंद पंख नुसता सोबतीला असतो आणि शेवटच्या दोन-तीन सेकंदांत एकदम भार घेतो. तुम्ही खालून पाहत होतात तेव्हा पहिला अर्धा वेळ ते यंत्र खरं तर पुढे सरकणारं साधं चार प्रॉपचं ड्रोनच होतं.

मग या पहिल्या टप्प्यात प्रॉप वाकल्याचं नुकसान किती होतं? इथे भूमिती आपल्या बाजूने आहे. प्रॉप उभ्या रेषेपासून ३० अंश पुढे वाकला, तर त्याच्या जोरातला ८७ टक्के भाग अजून वरच्या दिशेने असतो आणि निम्म्या जोराएवढी ढकल पुढच्या दिशेने मिळते. उचलीतून कमी होतात ते फक्त १३ टक्के. तेवढं भरून काढायला पुढच्या जोडीने ४ ऐवजी ४.६ किलो जोर लावला की झालं. त्या बदल्यात २.३ किलोची ढकल मिळते, आणि ८ किलोच्या यंत्राला ती दर सेकंदाला पावणेतीन मीटर वेग वाढवून देते. ४५ अंशांना मात्र ७१ टक्केच वर उरतात, ६० ला निम्मेच. म्हणून सुरुवातीचे अंश स्वस्त आणि पुढचे महाग. ही वाकण्याची घाई करायची नसते ती याच कारणाने. प्रॉप झटक्यात ५० अंशांवर नेले, तर वेग शून्य असताना पुढच्या जोडीला सव्वासहा किलो जोर लावावा लागेल. बॅटरी ताजी असेल तर ती लावेलही. बॅटरी अर्धी उतरली असेल तर मोटरी टोकाला जाऊन अडतील, मागच्या जोडीचा जोर तसाच राहील आणि नाक खाली जाईल. घाई झाल्याची ही पहिली खूण. यंत्र सपाट खाली न बसता आधी नाक टाकतं.

घाईने पडतं हे सगळ्यांना पटकन समजतं. अति सावधगिरीनेही फसतं, हे मात्र मला देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर कळलं.

सकाळची वेळ होती, वारा जवळजवळ नव्हता. आदल्या आठवड्यात आमच्या जोडीदार पायलटच्या हातून यंत्राने असंच नाक टाकलं होतं, म्हणून त्याने धसका घेऊन दोन बदल करून ठेवले होते. वेग पूर्ण येईपर्यंत प्रॉप ३० अंशांच्या पुढे जाऊ नयेत अशी मर्यादा घातली, आणि पंखाला लवकर भार घेता यावा म्हणून नाक ५ अंश वर राहील असा ट्रिम दिला. दोन्ही गोष्टी ऐकायला शहाणपणाच्या वाटतात. यंत्र वर गेलं, प्रॉप वाकले, वेग वाढायला लागला. ८, १०, ११, १२. आणि १२ वर थांबला. प्रॉप पूर्ण आडवे व्हायला आम्ही १६ ची अट घातली होती. यंत्र १२ ने समुद्राकडे निघालं, धड ड्रोन नाही, धड विमान नाही. चाळीस सेकंदांत अर्धा किलोमीटर गेलं तेव्हा मी त्याला `QHOVER` या एका जागी उभं राहण्याच्या मोडमध्ये टाकून उभं केलं आणि परत आणलं.

त्या संध्याकाळी लॉग उघडून हिशोब मांडला, तो असा. १२ मीटरला पंखाने पाच किलो उचलले होते. म्हणजे चार मोटरींवर उरले २.९ किलो, पैकी पुढच्या जोडीवर १.४५. उंची सांभाळणारा कंट्रोलर बिचारा इमानदार, वजन कमी झालं म्हणून त्याने मोटरींचा जोर कमी केला. पण पुढची ढकल त्याच मोटरींमधून येते! १.४५ किलो वर धरणाऱ्या आणि ३० अंश वाकलेल्या जोडीकडून पुढे मिळतात फक्त ८४० ग्रॅम. त्या वेगाला हवेचा विरोधही जवळपास तेवढाच होता, ९०० ग्रॅमच्या आसपास. ढकल आणि विरोध जुळले, वेग अडकला. पंखाला लवकर भार दिला म्हणून प्रॉप रिकामे झाले, आणि प्रॉप रिकामे झाले म्हणून पंखाला हवा तो वेग मिळेना.

नुसती मर्यादा वाढवून हे सुटतं का? आम्हीही आधी तेच केलं. ४५ अंश केले, तर १३ वर अडकलं. नाक वर असेपर्यंत पंख भार घेतच राहतो आणि प्रॉप रिकामे होतच राहतात. खरा उपाय उलटा निघाला : नाक खाली आणलं. ५ अंशांचा ट्रिम काढल्यावर पंख १२ मीटरला पाचाऐवजी तीनच किलो उचलायला लागला. मोटरींवर जवळजवळ पाच किलो राहिले, पुढच्या जोडीवर २.४५, आणि ४५ अंशांना ढकलही तितकीच, २.४५ किलो. ८४० ग्रॅमच्या जवळजवळ तिप्पट. वेग सरळ चढत गेला. १६ जवळ आल्यावर ती ढकलही विरोधाच्या जवळ येते, म्हणून मर्यादा शेवटी ५० अंशांवर ठेवली. नव्या पोरांना हे पटवायला वेळ लागतो, की बदलाच्या मधल्या काळात पंखाने कमी काम करावं अशीच आपली इच्छा असते. वेग आला की मग नाक उचलून त्याला सगळं वजन द्यायचं.

हे यंत्र अर्डूपायलट या उड्डाण सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं. या भागातले आकडे आता असे आहेत :

```
Q_TILT_MAX       50
Q_TILT_RATE_DN   10
AIRSPEED_MIN     16
Q_TRANSITION_MS  4000
Q_ASSIST_SPEED   14
Q_TRANS_FAIL     20
```

पहिली ओळ म्हणजे वेग येईपर्यंत प्रॉप जास्तीत जास्त किती अंश वाकावेत. दुसरी म्हणजे दर सेकंदाला किती अंश. दहाने गेलं तर ५० ला पोचायला पाच सेकंद लागतात, तोवर वेग दहाच्या आसपास आलेला असतो आणि मघाचे सव्वासहा किलो लावायची पाळीच येत नाही. १६ मीटर हा पूर्ण वाकण्याचा परवाना. तो मिळाला की प्रॉप चार सेकंदांत ९० अंशांवर जातात आणि त्याच चार सेकंदांत मागच्या मोटरी हळूहळू बंद होतात. वेग १४ च्या खाली गेला तर मोटरी परत मदतीला येतात. शेवटची ओळ आम्ही देवगडनंतर घातली. वीस सेकंदांत बदल पुरा झाला नाही तर प्रयत्न सोडून द्यायचा. जुन्या आवृत्तीत `AIRSPEED_MIN` चं नाव `ARSPD_FBW_MIN` असतं. आणि हे आकडे तुमच्या यंत्रात जसेच्या तसे घालू नका, हे आमच्या पंखाचे आहेत.

१६ च का? आमचा पंख १३ च्या खाली कुठल्याही कोनात ८ किलो धरू शकत नाही. १३ आणि १६ यांमधलं अंतर हा आमचा विमा. आणि तो विमा एका बारीक नळीवर उभा आहे.

वेग मोजायला नाकाजवळ पिटो नळी असते. समोरून येणारी हवा तिच्यात दाबली जाते आणि त्या दाबावरून वेग काढतात. १६ मीटर वेगाला हा दाब किती? १५० पास्कल, म्हणजे पाण्याच्या उभ्या स्तंभात मोजला तर दीड सेंटीमीटर. ५ मीटरला तर दीडच मिलिमीटर. कोकणात या दीड मिलिमीटरचे शत्रू फार. खारी ओल, दवाचा थेंब आणि कुंभारीण. कुंभारीण माशीला तेवढ्याच व्यासाचं भोक घर करायला आवडतं. आमच्या एका नळीत तिने दोन दिवसांत चिखल भरला होता. नळी बुजली की वेग शून्याजवळ दिसतो, १६ ची अट कधीच पुरी होत नाही आणि यंत्र देवगडसारखं अडकल्यासारखं वाटतं. फरक लॉगमध्ये कळतो. खरं अडकलेलं असेल तर हवेतला वेग आणि जीपीएसचा जमिनीवरचा वेग दोन्ही एकाच जागी थांबतात. नळी बुजली असेल तर जीपीएस १४, १५ वर चढत असतो आणि हवेतला वेग खाली झोपलेला असतो. त्यातल्या त्यात ही बरी बिघाडी, कारण यंत्र प्रॉपवरच राहतं.

वाईट आहे ती उलटी चूक. सकाळी सेन्सर शून्यावर आणला आणि मग यंत्र तासभर तापलेल्या जांभ्यावर उन्हात ठेवलं. सेन्सरचं शून्य ४० पास्कलने सरकलं. आता खरा वेग १३.७ असताना तो १६ दाखवतो. प्रॉप पूर्ण आडवे व्हायला लागतात, मागच्या मोटरी मिटतात, आणि पंखाला त्याच्या क्षमतेच्या जवळजवळ टोकावर सगळं वजन पेलावं लागतं. एक झुळूक कमी झाली की एका बाजूचा पंख उचल सोडतो आणि यंत्र त्या बाजूला पडतं. याची खूण उडण्याआधीच दिसते : यंत्र जमिनीवर स्थिर, वारा पडलेला, आणि पडद्यावर वेग ८ दिसतोय. असं दिसलं की नळीवर टोपी घालून शून्य पुन्हा घ्यायचं. चार मिनिटांचं काम, आणि नेमकं हेच घाईत राहतं.

हवेतला वेग म्हटलं की वारा आलाच. मोजणीवाल्यांनी यंत्र समुद्राकडेच का सोडलं याचं उत्तर त्यात आहे. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून सेकंदाला ६ मीटरने येत असेल, तर त्याच्याकडे तोंड करून नुसतं उभं राहिलेल्या यंत्राच्या पंखावर ६ मीटरची हवा आधीच वाहत असते. सव्वा किलो फुकटात उचललेला असतो. १६ गाठायला आणखी दहाच हवेत. तेच पाठीमागून वारा घेऊन निघालं तर जमिनीवरून २२ ने पळावं लागेल, आणि पहिले दोन-तीन सेकंद पंखावर हवा मागून येत असते, शेपूट त्याला आडवी फिरवायला बघते. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा याच न्यायाने तोंड डोंगराकडे करावं लागतं. पण डोंगराकडे झाडं, घरं, विजेच्या तारा असतात. म्हणून आम्ही मतलई पडून खारा वारा सुरू व्हायच्या मधल्या शांत वेळात, साधारण नऊ-दहाला, उडतो.

सड्याच्या अगदी कडेवर हा खेळ करू नये. वारा कड्याला आपटून वर चढतो, त्यामुळे पंखावर हवा खालून येते. नाक सपाट दिसलं तरी पंखाच्या दृष्टीने कोन वाढलेला असतो. कड्यापासून शंभरेक पावलं आत उभं राहा आणि बदल ४० मीटरच्या वर करा. किनाऱ्यावर सुरूच्या बनामागून उडवत असाल तर आणखी वर, कारण झाडांच्या आडोशाला वारा ३ आणि शेंड्यांच्या वर ७ असू शकतो.

मधल्या वेळात यंत्राला सरळ कोण ठेवतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यात बारीक काम ते आहे. उभं असताना उजवीकडे कलायचं तर डाव्या मोटरींचा जोर वाढवतात. नाक उजवीकडे वळवायचं तर डावा प्रॉप थोडा पुढे आणि उजवा थोडा मागे वाकवतात. आता दोन्ही प्रॉप ४५ अंशांवर आहेत असं धरा. डाव्याचा जोर वाढवला तर यंत्र उजवीकडे कलतंही आणि नाकही उजवीकडे वळतं. ते एक वेळ चालेल. पण डावा प्रॉप आणखी पुढे वाकवला तर त्याची ढकल वाढते, नाक उजवीकडे जातं, आणि त्याच वेळी त्याची वरची उचल घटते, म्हणून यंत्र डावीकडे कलतं. एकाच हुकमाची दोन विरुद्ध फळं. पूर्ण आडव्या स्थितीत तर तो वाकवण्याचा हुकूम निव्वळ कलण्याचाच होऊन जातो. म्हणून कंट्रोलरला दर क्षणी प्रॉपचा कोन विचारात घेऊन हुकमांचं मिश्रण बदलावं लागतं, शिवाय वेग वाढेल तसा पंखावरच्या आणि शेपटीवरच्या पट्ट्यांना हळूहळू कारभार द्यावा लागतो. प्रॉप वाकवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, सैल असेल, एका बाजूला चार अंश मागे राहत असेल, तर उभं असताना काही कळत नाही. मधल्या टप्प्यात मात्र यंत्र दर वेळी त्याच बाजूला खांदा टाकतं. दर वेळी तीच बाजू दिसली की वाऱ्याला बोल लावू नका, सर्व्होचा दांडा हलवून बघा.

ऑस्प्रेचं तत्त्व हेच, मोजमाप वेगळं. पंखांच्या टोकांना दोन मोठे रोटर, प्रत्येकी साडेअकरा मीटर व्यासाचे. त्यांची इंजिनघरं ९० अंशांना उभी, शून्याला आडवी आणि मागे ९७.५ अंशांपर्यंत जातात. मागचे ते साडेसात अंश ब्रेक लावायला आणि उलटं सरकायला. तिथे पायलट वाट्टेल त्या वेगाला वाट्टेल तो कोन ठेवू शकत नाही. कोन आणि वेग यांचा एक पट्टा आखलेला असतो. त्याला 'कन्व्हर्जन कॉरिडॉर' म्हणतात, आणि त्यातच राहावं लागतं. पट्ट्याच्या खाली गेलात तर मघाशी सांगितलेलंच होतं : रोटर वाकलाय, पंखाला वेग नाही. वर गेलात तर वेगळं. रोटर अजून उभा असताना वेग फार झाला, तर एका बाजूची पाती वाऱ्याच्या तोंडावर जातात आणि दुसऱ्या बाजूची वाऱ्याबरोबर पळतात. दोन्ही बाजूंचा भार विषम होतो, पाती फडफडतात, मुळाशी ताण चढतो. आमच्या छोट्या कडक प्रॉपना याचा त्रास कमी, मोठ्या रोटरला फार. हे साधायला माणसाला वेळही बराच लागला. बेल कंपनीच्या एक्सव्ही-३ ने पूर्ण बदल पहिल्यांदा केला तो डिसेंबर १९५८ मध्ये, तिच्याच एक्सव्ही-१५ ने १९७९ मध्ये, आणि ऑस्प्रे पहिल्यांदा उडालं १९८९ मध्ये.

ऑस्प्रेची आणखी एक तडजोड सांगण्यासारखी आहे. उभं असताना रोटरचा झोत खालच्या पंखावरच आदळतो आणि साधारण दहा टक्के जोर त्यात वाया जातो. पंखाच्या मागच्या पट्ट्या उभ्या असताना खाली पाडतात त्या याचसाठी, झोताला आडवी जागा कमी मिळावी म्हणून.

विजेच्या एअर टॅक्सींनी हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. जॉबीच्या यंत्राचे सहाही प्रॉप वाकतात. आर्चरच्या मिडनाइटला बारा प्रॉप, पुढचे सहा वाकतात, मागचे सहा उचलून झाले की वाऱ्याच्या रेषेत थांबतात, म्हणजे आमच्याच यंत्राची मोठी आवृत्ती. बीटाच्या आलियात काहीच वाकत नाही. उचलायला वेगळे प्रॉप, ढकलायला मागे वेगळा. त्यात देवगडची गाठ मुळातच पडत नाही, कारण ढकल आणि उचल एकाच मोटरीत बांधलेली नाही. बदल्यात, पंखावर उडताना उचलणारे प्रॉप नुसते वजन आणि विरोध म्हणून बरोबर न्यावे लागतात. माझा कल विचाराल तर किनाऱ्यावरच्या मोजणीसाठी मी हा साधा प्रकारच घेईन. सर्व्हो कमी, खाऱ्या हवेत गंजायचे सांधे कमी.

आता उलटा बदल, म्हणजे परत येणं. सगळे जाण्याबद्दल विचारतात, पण माझ्या हातची बहुतेक मोडतोड येताना झालीय. आमच्या यंत्राला पंखावर उडायला साधारण ३०० वॅट पुरतात, उभं राहायला १२०० लागतात. निघताना ही चौपट मागणी भरलेल्या बॅटरीवर पडते, परतताना उतरलेल्या बॅटरीवर. पाऊण तास शांतपणे १३ अँपिअर देणाऱ्या बॅटरीकडे एकदम ५५ मागितले की व्होल्टेज खचतं, आणि ते नेमकं वेग मारून पंख निकामी केल्यानंतर. म्हणून आम्ही टक्केवारीवर विश्वास ठेवत नाही. निघताना उभं असताना व्होल्टेज किती खाली बसलं ते टिपतो आणि परत येताना तेवढ्याच बसण्याची जागा शिल्लक आहे का ते बघतो. नसेल तर दूरवर प्रयोग न करता सरळ पठारावर येऊन मग बदल करायचा, म्हणजे उभं राहण्याची सेकंदं कमी लागतील.

दुसरा धोका उतरण्याच्या वेगाचा. प्रॉप हवा खाली ढकलतो. आमच्या यंत्राखाली ती सेकंदाला साडेआठ मीटरने जाते. पुढचा वेग जवळजवळ संपलेला असताना यंत्र भरभर खाली आणलं, तर ते स्वतःच्याच झोतात उतरतं. हवा पात्याच्या टोकाभोवती गोल फिरायला लागते आणि जोर वाढवला तरी उचल वाढत नाही. ८ एप्रिल २००० ला अ‍ॅरिझोनातल्या मराना इथे एक ऑस्प्रे असंच उतरताना कोसळलं, त्यात १९ जण गेले. दोन रोटर शेजारी-शेजारी असले की आणखी एक संकट असतं. एक रोटर आधी त्या भोवऱ्यात शिरतो, दुसरा अजून चांगला असतो, आणि यंत्र खाली बसायच्या आधी उलटतं. हे टाळायला ऑस्प्रेला घातलेली मर्यादा साधी आहे : ४० नॉटच्या खाली असाल तर मिनिटाला ८०० फुटांपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ मीटरपेक्षा, जास्त वेगाने उतरायचं नाही. आम्ही २ ची मर्यादा ठेवतो. त्यात शिरल्याची खूण म्हणजे यंत्र सपाट राहूनही थरथरतं आणि आवाज फाटका येतो. तेव्हा जोर वाढवत बसायचं नाही. नाक खाली टाकून पुढे पळायचं, नवी हवा मिळेपर्यंत. आणि त्यासाठी पुढे मोकळी जागा लागते, म्हणून नारळीच्या वाडीत उतरवू द्या म्हणून कुणी कितीही आग्रह केला तरी मी सड्यावरच उतरवतो.